समेवर पाय उचलायचा

नांदेडला काय किंवा लातूरला काय, माझ्याकडे पियानो शिकायला येणारी बहुतेक मुलं आधी पेटीवर बसलेली असतात. कुणाच्या घरात भजनी मंडळ असतं, कुणी शाळेच्या प्रार्थनेला साथ केलेली असते. नांदेडच्या काही मुलांच्या कानावर गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन लहानपणापासून पडलेलं असतं, आणि तिथेही पेटीच. या मुलांची बोटं वळलेली असतात, कान तयार असतो आणि लय तर पक्कीच असते. पेडलवर त्यांची पंचाईत होते ती या पक्क्या लयीमुळे.

पेटी वाजवताना पाय रिकामा असतो, म्हणून तो ताल धरतो. सम आली की पाय जमिनीवर. ही सवय कुणी शिकवलेली नसते, त्यामुळे ती सोडायला सांगूनही सुटत नाही. पियानोचं उजवं पेडल पायाखाली आलं की तोच पाय समेला खाली जातो. पेडलला मात्र नेमकं उलटं हवं असतं. नवी कॉर्ड ज्या मात्रेवर पडते, त्या मात्रेवर पाय वर यायचा असतो आणि खाली जायचं ते त्यानंतर. हात खाली, पाय वर. मग हात तिथेच, पाय खाली. एवढ्या एका गोष्टीवर माझे शिकवण्याचे पहिले दोन महिने जातात, आणि ते वाया गेले असं मला कधी वाटलं नाही.

असं उलटं का, हे कळायला पियानोच्या पोटात डोकवायला लागतं. पियानोच्या तारांवर फेल्टच्या छोट्या गाद्या बसलेल्या असतात. अगदी वरच्या दीडेक सप्तकाच्या तारांना त्या नसतात, कारण तिथला आवाज आपोआपच लवकर विरतो. तुम्ही एक पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि तेवढ्या एका सुराची गादी उचलली जाते. पट्टी सोडली की गादी परत तारेवर बसते आणि आवाज मिटतो. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या एकदम उचलल्या जातात. मग बोट सोडलं तरी तार वाजत राहते, आणि न वाजवलेल्या तारासुद्धा बारीक गुणगुणायला लागतात, सतारीच्या तरफांसारख्या. म्हणजे पेडल आवाज वाढवत नाही की लांबवतही नाही. ते फक्त गाद्या बसू देत नाही.

यातून एक गोष्ट निघते. पेडल दाबल्याने काहीच साफ होत नाही. साफ होतं ते पाय उचलल्यावर, गाद्या तारांवर बसतात त्या क्षणी. विद्यार्थी मात्र सगळं लक्ष दाबण्याकडे देतात. ‘सर, कुठे दाबू?’ हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. ‘कुठे उचलू?’ असं विचारणारा अजून भेटायचा आहे.

आता उचलायची वेळ. समजा सी मेजर वाजते आहे आणि तुम्हाला एफ मेजरवर जायचं आहे. बोटांनी सी सोडलेली आहे, आवाज फक्त पेडलच्या जिवावर चालू आहे. एफच्या आधीच पाय उचलला तर मधे शांतता पडते, कापडाला भोक पडावं तशी. एफ पडून गेल्यावर उशिरा उचलला तर दोन्ही कॉर्ड तेवढा वेळ एकत्र ऐकू येतात आणि सूर गढूळ होतो. एफच्या पट्ट्या तळाला टेकतात त्याच क्षणी पाय वर आला, तर सीच्या तारांवर गाद्या बसतात, पण एफच्या तारांवर बसत नाहीत, कारण त्या पट्ट्या तुमच्या बोटांनी धरलेल्या आहेत. जुनं गेलं, नवं राहिलं, मधे भोक नाही. मग बोटं तिथे असतानाच पाय पुन्हा खाली जातो आणि नव्या कॉर्डची जबाबदारी बोटांकडून स्वतःकडे घेतो. त्यानंतरच बोटं मोकळी.

हे पायात उतरवायचं तर सुरुवात फार संथ हवी. मोबाइलवर मेट्रोनोम ६० ला लावा, म्हणजे एका सेकंदाला एक ठोका. टाच जमिनीवर, पेडलवर फक्त चवडा. पाय पेडलपासून सुटता कामा नये. वर यायचं ते पेडलसोबत, पेडलच्या वर नव्हे. नाहीतर दर वेळी ‘टक’ असा आवाज येतो आणि पायाला पेडल पुन्हा शोधावं लागतं. आता सा-ग-प अशी साधी कॉर्ड पहिल्या मात्रेला वाजवा आणि चारही मात्रा धरून ठेवा. पाय पहिल्या मात्रेला वर, दुसऱ्या मात्रेला खाली. पुढच्या चार मात्रांना म-ध-सा. पुन्हा एकला वर, दोनला खाली. तोंडाने आकडे मोजू नका. ‘वर’ आणि ‘खाली’ असंच म्हणा. आकडे म्हटले की ‘एक’ला पाय आपसूक खाली जातो, ही माझी बऱ्याच वर्षांची डोकेदुखी आहे.

पहिल्यांदा पाय दुसऱ्या मात्रेला खाली गेला म्हणजे त्याला उचललेल्या अवस्थेत पूर्ण एक सेकंद राहावं लागतं. तो वेळ मुद्दाम दिला आहे. घाईत पाय अर्धाच वर येतो आणि गाद्या बसायच्या आधीच पुन्हा खाली जातो. मग जुन्या कॉर्डचं शेपूट मागे राहतं. आठवडाभराने पाय खाली जाण्याची वेळ दीड मात्रेवर आणा, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेच्या मधोमध. मग आणखी अलीकडे. वर येण्याची वेळ मात्र कधीच हलवायची नाही. ती पहिल्या मात्रेवर ठोकलेली खुंटी आहे.

सराव बरोबर चालला आहे की नाही हे सांगायला शिक्षक जवळ लागत नाही. चाचणी अशी: कॉर्ड वाजवा, पाय वर घ्या, पाय खाली न्या आणि मग दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवा. आता जे ऐकू येतं ते फक्त पेडलने पकडलेलं आहे. म-ध-सा एवढंच ऐकू आलं तर काम झालं. त्यात आधीच्या कॉर्डचा ग किंवा प मिसळलेला ऐकू आला, तर पाय पुरता वर आला नव्हता किंवा फार लवकर खाली गेला. काहीच ऐकू आलं नाही, तर पाय खाली जाण्याआधीच बोटं सुटली. तीन निकाल, तीन वेगवेगळी कारणं. हात मांडीवर असले की कानाला दुसरं काम उरत नाही, म्हणून चूक लपत नाही. उन्हाळ्यात ही चाचणी कूलर बंद करून किंवा हेडफोन लावून करा. मराठवाड्यातला कूलर खोलीत भरभरत असेल, तर जुन्या कॉर्डचं शेपूट त्यात पार बुडून जातं आणि वाजवणाऱ्याला वाटतं, आपलं सगळं स्वच्छ आहे.

चाचणीत जमलं म्हणजे गाण्यात जमतंच असं नाही. लातूरच्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. अकरावीत शिकते, सकाळी शिकवणी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. लातूरच्या मुलांचा दिवस कसा असतो ते सांगायला नको. त्यातून ती कीबोर्डला पाऊण तास काढते. एका भावगीताची साथ बसवत होती. डावा हात पहिल्या मात्रेला खर्जातला सूर देऊन मधल्या सप्तकात उडी मारायचा आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मात्रेला कॉर्ड वाजवायचा. उजव्या हातात चाल. कॉर्ड चार: सी मेजर, ए मायनर, एफ मेजर, जी मेजर. लय ८० ची. पहिल्या तीन कॉर्ड चांगल्या वाजायच्या, आणि एफवरून जीवर गेलं की आवाज घुरघुरायला लागायचा. तिचा प्रश्न ठरलेला: ‘सर, पेडल खराब झालंय का?’

पेडल चांगलं होतं. चूक चारही ठिकाणी एकच होती, फक्त ती एकाच ठिकाणी ऐकू येत होती. का, ते पाहू. ती पेडल बदलायची दुसऱ्या मात्रेला, कॉर्डसोबत. म्हणजे पहिल्या मात्रेला नवा खर्ज पडायचा तेव्हा आधीचं पेडल चालूच असायचं, आणि आधीचा खर्जही त्यात चालूच असायचा. ८० च्या लयीत एक मात्रा पाऊण सेकंदाची. एवढा वेळ दोन खर्ज एकमेकांच्या अंगावर.

आता सूर मांडून बघा. सीच्या कॉर्डमध्ये सा ग प. त्यावर ए मायनरचा खर्ज, म्हणजे ध, पडला तर ध-सा-ग-प असा गुच्छ होतो. तो ए मायनर सेव्हन म्हणून कुठल्याही गाण्यात खपतो. ए मायनरच्या ध-सा-ग वर म पडला तर म-ध-सा-ग, तोही गोड लागतो. शेजारच्या कॉर्डमध्ये दोन-दोन सूर सामाईक आहेत, त्यामुळे उशीर पोटात घातला जातो. एफ आणि जी यांच्यात मात्र एकही सूर सामाईक नाही. म-ध-सा आणि प-नि-रे, प्रत्येक सुराच्या शेजारी दुसऱ्या कॉर्डचा सूर. वरच्या सप्तकात हे एकत्र वाजलं तर कदाचित चालूनही जाईल, काही संगीतकार ते हौसेने वापरतात. पण खर्जात नाही. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडून चौथी पांढरी पट्टी म्हणजे तिचा म, आणि पाचवी म्हणजे प. पहिल्याची कंपनं सेकंदाला सुमारे ८७, दुसऱ्याची ९८. दोन्ही एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतके, सेकंदाला अकराच्या आसपास हेलकावे आवाजात उठतात. तीच ती घुरघुर. एवढ्या खाली शेजारचे दोन सूर कानाला वेगळे काढताच येत नाहीत.

तेव्हा पहिली दुरुस्ती: पेडल खर्जासोबत बदलायचं, कॉर्डसोबत नाही. स्वरमेळ बदलतो तो खर्ज पडतो त्या क्षणी, मग वरची कॉर्ड नंतर का येईना. तिने पेडल पहिल्या मात्रेवर आणलं आणि घुरघुर गेली. पण आता खर्जच गायब झाला! म पडायचा आणि लगेच नाहीसा व्हायचा, वर नुसती कॉर्ड लटकल्यासारखी. हेही अपेक्षितच होतं. खर्ज वाजवला की डावा हात उडी मारायच्या घाईत लगेच उचलला जात होता. पाय खाली जाईपर्यंत पट्टी सुटलेली, गादी बसलेली. पेडलने पकडायचं काय?

म्हणून दुसरी दुरुस्ती डाव्या हाताच्या करंगळीची होती. पाय खाली जाईपर्यंत करंगळी खर्ज सोडणार नाही. पाय दीड मात्रेवर खाली जातो असं धरलं तर करंगळीला निदान तेवढं थांबायला हवं, आणि उडीसाठी उरतो मात्रेचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे पावणेचार दशांश सेकंद. ८० च्या लयीत तिला तो पुरेना. मग लय ५६ वर आणली, उजवा हात मांडीवर ठेवला आणि आठवडाभर फक्त खर्ज, पाय, उडी, कॉर्ड. क्रम असा: करंगळी खाली आणि पाय वर एकाच वेळी, पाय खाली, मग हात उडतो. हात उडण्याची परवानगी पायाने द्यायची. तीन आठवड्यांनी ती ८० ला आली. तोवर पाय दीड मात्रेवर नव्हे, त्याहून बराच अलीकडे खाली जायला शिकला होता, कारण गाद्या बसायला इतका वेळ लागतच नाही. वेळ लागतो तो आपल्या पायाला.

तुमच्या हातातल्या गाण्याचं हेच करा. कॉर्ड ओळीने कागदावर लिहा आणि प्रत्येक दोन कॉर्डमध्ये किती सूर सामाईक आहेत ते मोजा. जिथे एकही नाही तिथे आडवी रेघ मारा. सरावाचा वेळ त्या रेघांवर घालवा. जिथे दोन सूर सामाईक आहेत तिथे चूक ऐकू येत नाही, आणि म्हणूनच तिथे वाजवून ‘जमलं’ असं ठरवायचं नाही.

आता चालीचा प्रश्न. कॉर्ड तीच राहिली तरी वरचे सूर बदलत असतात, आणि चाल शेजारशेजारच्या सुरांवरून चालली की तेही एकमेकांत मिसळतात. सी मेजरवर ग-प-सा असं कॉर्डच्याच सुरांतून फिरलात तर पेडल एका दमात चालेल. ग-रे-सा-रे-ग असं चाललात तर रे चिकटतो. इथे ठरावीक नियम सांगणारी पुस्तकं आहेत, पण मी कानावर सोडतो. चाल तार सप्तकात असेल आणि सूर लवकर विरत असतील तर थोडी सरमिसळ शोभते. मध्य सप्तकात, संथ लयीत ती खुपते. तिथे कॉर्ड न बदलताही मधे एकदा पेडल बदला. अशा वेळी खर्ज हातात धरलेला नसेल तर तो जाणार हे लक्षात ठेवा, आणि तो जायला नको असेल तर चालीचे सूर बोटांनीच जोडून वाजवा, पेडलला त्यात ओढू नका.

आपल्याकडच्या वादकांची एक खास सवय इथे सांगायलाच हवी. पेटीवर मींड येत नाही, पियानोवरही येत नाही. पण पेडल दाबून भराभर सूर वाजवले की मींड निघाल्याचा भास होतो. यमनमधला तीव्र म आणि प, अर्ध्या सुराच्या अंतरावर, पेडलखाली शेजारी शेजारी वाजत ठेवले की मींड होत नाही, चिखल होतो. तानेला तर पाय पूर्ण वर हवा. पियानोवर यमन वाजवायला माझी हरकत नाही, मला तो आवडतो. पण तिथे सूर जोडायचे ते बोटांनी. पेडल फक्त न्यासाच्या सुरावर, तो सूर बसल्यानंतर.

हे सगळं झालं पायाचं. काही वेळा पाय निर्दोष असतो आणि गढूळपणा यंत्रात असतो. नांदेड-लातूरला घरोघरी दिसतो तो खरा पियानो नव्हे, कीबोर्ड किंवा डिजिटल पियानो, आणि त्याचे काही खेळ वेगळे आहेत. बऱ्याच कीबोर्डवर पॅनलमध्येच ‘सस्टेन’ नावाची सोय असते. ती चालू असेल तर पट्टी सोडल्यावरही आवाज ठरावीक वेळ रेंगाळतो आणि तुमच्या पायाचा त्यावर काहीही ताबा नसतो. पेडल लावलं असेल तर ही सोय आधी बंद करा. दुसरा संशयित रिव्हर्ब. मोठ्या सभागृहाचा भास देणारा रिव्हर्ब चढवलेला असेल तर स्वच्छ पेडलही गढूळ ऐकू येतं. सरावाला तो पार कमी ठेवा. कुसुम सभागृह किंवा दयानंद सभागृहासारख्या मोठ्या जागेत वाजवायची वेळ आली तर तिथला घुमारा तिथे मिळेलच, घरून न्यायची गरज नाही.

कधी पेडल उलटंच वागतं: पाय काढला की सूर लांबतात, दाबलं की तुटतात. ते बिघडलेलं नसतं. पेडलच्या आतली विजेची जोडणी वेगवेगळे कारखानदार एकमेकांच्या उलट करतात, आणि बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती बघून स्वतःला जुळवून घेतात. कीबोर्ड बंद करा, पेडलची पिन लावा, पाय लांब ठेवा आणि मग चालू करा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर पेडलच्या बुडाला छोटं सरकतं बटण आहे का पाहा. काहींना ते दिशा उलटवण्यासाठीच दिलेलं असतं. एका मंगल कार्यालयात भर कार्यक्रमात माझी अशी फजिती झाली आहे. घाईत पेडलवर पाय ठेवूनच मी कीबोर्ड चालू केला आणि पहिलं गाणं अख्खं उलट्या पायाने वाजवलं. ताल धरणाऱ्या पायाची जुनी सवय त्या दिवशी कामाला आली.

कीबोर्डसोबत मिळणारं चपटं छोटं पेडल शहाबादी फरशीवर घसरत जातं, आणि घसरणाऱ्या पेडलमागे टाचही सरकते. मग पाय वर यायला उशीर होतो, कारण तो आधी पेडल ओढत असतो. खाली रबराची चटई टाका आणि तिची कड टाचेखाली येईल एवढी मोठी घ्या, म्हणजे तुमच्याच वजनाने ती जागेवर राहते. घरी आपण अनवाणी सराव करतो. परीक्षेला बूट घालून जाणार असाल तर शेवटचे पंधरा दिवस तेच बूट घालून बसा. तळवा जाड झाला की पेडल कुठे सुटतं ते कळेनासं होतं.

शंका उरलीच तर कीबोर्ड यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडून मिडी रेकॉर्डिंग करा. सुरांच्या खाली पेडलची वेगळी ओळ दिसते. तिचं नाव `CC64`. तिथे `127` म्हणजे पाय खाली, `0` म्हणजे पाय वर. साध्या पेडलला या दोनच अवस्था कळतात. तुमच्या सुराची सुरुवात आणि `0` एकाखाली एक आले पाहिजेत, आणि `127` त्यांच्या उजवीकडे. `0` डावीकडे सरकला असेल तर तिथे भोक आहे, उजवीकडे असेल तर गाळ. कानाला पटत नसेल ते डोळ्याला पटतं.

छापील नोटेशनवर विसंबून पायाची वेळ ठरवू नका. जुन्या आवृत्त्यांत पेडल दाबायला `Ped.` आणि उचलायला फुली किंवा चांदणी छापतात. चांदणी बरेचदा मापाच्या शेवटच्या सुराखाली असते आणि पुढचं `Ped.` नव्या मापाच्या पहिल्या सुराखाली. हे अक्षरशः पाळलंत तर प्रत्येक मापाच्या शेवटी भोक पडेल आणि नव्या मापाला पाय तालासोबत खाली जाईल, म्हणजे पुन्हा आपली पेटीची सवय. त्या खुणा ‘इथवर एक पेडल, इथून दुसरं’ एवढंच सांगतात. बदल कसा करायचा ते वाजवणाऱ्यावर सोडलेलं असतं. बेथोव्हनने १८०१ मधल्या ‘मूनलाइट’ सोनाटाच्या पहिल्या भागावर तर हा भाग गाद्यांशिवाय वाजवा अशी सूचना लिहिली आहे. त्याच्या काळच्या पियानोच्या तारा आजच्या मानाने हलक्या होत्या आणि आवाज चटकन विरायचा. आजच्या पियानोवर ती सूचना शब्दशः पाळली तर दुसऱ्या-तिसऱ्या मापातच सगळं एक होऊन जातं. म्हणून आज जवळपास सगळेच वादक तिथे खर्ज बदलेल तसं पेडल बदलतात.

खरा पियानो कीबोर्डपेक्षा एका बाबतीत उदार आहे. त्यात पायाला ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या मधलीही जागा असते. पाय थोडासाच उचलून पुन्हा दाबला तर गाद्या तारांना नुसत्या शिवतात. वरच्या बारीक तारा तेवढ्याने गप्प होतात, खालच्या जाड तारा वाजत राहतात. खर्ज धरून वरची कॉर्ड साफ करायची असेल तर हे अर्धं पेडल कामाला येतं. कीबोर्डच्या साध्या पेडलवर ते होत नाही. अर्ध्या पेडलची सोय असलेला डिजिटल पियानो आणि त्याला चालणारं पेडल, दोन्ही लागतात. नसतील तर खर्ज करंगळीने धरा, तोच उपाय. पण अर्ध्या पेडलमागे आधी लागू नका. पूर्ण उचलता येत नाही म्हणून अर्धं उचलणाऱ्याचं जे होतं त्याला अर्धं पेडल म्हणत नाहीत.

आपल्याकडची मुलं वर्षभर कीबोर्डवर सराव करतात आणि परीक्षेला किंवा स्पर्धेला पुण्या-मुंबईला गेली की तिथे पहिल्यांदा खऱ्या पियानोसमोर बसतात. तिथे पेडल जड लागतं, आणि प्रत्येक पियानोचं वेगळं. वाजवायच्या आधी सराव म्हणून काही सूर छेडू देतात. तेव्हा तान घेत बसू नका. खर्जातली एक पट्टी जोरात वाजवून धरून ठेवा, पेडल पूर्ण दाबा, पट्टी सोडा आणि पाय अगदी हळूहळू वर आणत जा. एका जागी आवाज बदलतो, भरभरल्यासारखा होतो आणि मग मिटतो. ती जागा म्हणजे गाद्या तारांना भिडतात ती. काही पियानोंवर ती पाय जवळजवळ पूर्ण वर आल्यावर सापडते, काहींवर निम्म्यातच. हे दोनदा करा, मग चवड्याला ती उंची आठवत राहील, आणि तुमच्या गाण्यात जिथे आडवी रेघ मारली आहे त्या दोन कॉर्ड एकदा वाजवून हात मांडीवर ठेवा.